आग्रह आणि नकार : जपानी-मराठी दुभाषणातील काही अनुभव

दुभाषणाच्या कामात अवघड काय, असे विचारले असता बहुतेक लोक यंत्रांच्या सुट्या भागांची नावे, कराराची कलमे किंवा आकडे यांच्याकडे बोट दाखवतात. परंतु पुणे आणि चाकण परिसरात जपानी अभियंते, त्यांची कुटुंबे आणि मराठी यजमान यांच्यामध्ये बसून वर्षानुवर्षे बोलणे पोहोचवणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. सुट्या भागांची नावे एकदा पाठ झाली की पाठ राहतात, कलमे आधी हाती येतात, आकडे कागदावर लिहून घेता येतात. पण जेवणाच्या पानावर दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या पुरणपोळीला पाहुण्याने जो नकार दिला, तो यजमानीणबाईंच्या मनाला न लागता त्यांच्यापर्यंत कसा पोहोचवायचा, याची तयारी कोणत्याही शब्दकोशात होत नाही. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या पाच पातळ्यांपैकी सर्वांत वरची पातळी उत्तीर्ण झालेली माणसेही याच ठिकाणी अडखळताना प्रस्तुत लेखिकेने पाहिली आहेत, आणि त्यांच्या अडखळण्याचे कारण भाषेचे अज्ञान हे क्वचितच असते.

अडचणीचे मूळ असे की, नकार हे एकट्या माणसाचे एक वाक्य नसून दोघांनी मिळून पार पाडलेली फेऱ्यांची मालिका असते, आणि या फेऱ्या किती असाव्यात याचे संकेत दोन्ही समाजांत वेगवेगळे आहेत. मराठी घरात पहिला ‘नको’ हा शिष्टाचाराचा भाग समजला जातो. तो ऐकून वाढणारीने लगेच भांडे उचलून नेले, तर पाहुण्याला भूक असूनही उपाशी उठवल्यासारखे होते. दुसऱ्या फेरीत ‘अहो, एकच, माझ्या हातची’ असे म्हटले जाते, तिसऱ्या फेरीत ‘बरं, अर्धी तरी’ अशी तडजोड पुढे येते, आणि त्यानंतरच्या ‘खरंच पुरे’ला खरा नकार मानतात. यालाच आपण आग्रह म्हणतो, आणि आग्रह न होणे हा आपल्याकडे पाहुण्याचा उपमर्द असतो. जपानी बाजूलाही फेऱ्या असतात, पण त्यांचा भार पाहुण्यावर अधिक पडतो. तिथे पाहुण्याने ‘एन्र्यो’ पाळावा अशी अपेक्षा असते. एन्र्यो म्हणजे समोरच्याला आपल्यामुळे त्रास पडू नये म्हणून स्वतःची इच्छा आवरून धरण्याची वृत्ती. यजमानाने ‘एन्र्यो न बाळगता घ्या’ असे एक-दोनदा म्हणावे, पाहुण्याने घ्यावे किंवा थांबावे, आणि त्याने थांबण्याचे जे संकेत दिले असतील ते यजमानाने न सांगता ओळखावेत, अशी ती रीत आहे. म्हणजे एकीकडे पुन्हा पुन्हा विचारणे हे प्रेमाचे लक्षण आहे, तर दुसरीकडे न विचारता ओळखणे हे प्रेमाचे लक्षण आहे, आणि दुभाषी या दोहोंच्या मध्ये बसलेला असतो.

जपानी नकारांचे नेहमीचे शब्द आणि मराठी कान यांची गाठ पडते तेव्हा काय होते, हे नवख्या दुभाष्यांच्या कामात स्पष्ट दिसते. ‘केक्को देस्’ या शब्दप्रयोगात ‘केक्को’चा मूळ अर्थ उत्तम, छान असा आहे, आणि चव वाखाणतानाही तो वापरतात, मात्र वाढायला आलेल्या पदार्थासमोर तोच शब्द ‘आहे तेवढे उत्तम आहे, आता नको’ असा अर्थ देतो. ‘ई देस्’ या प्रयोगाचे तसेच आहे. त्याचा सुटा अर्थ ‘चांगले आहे’ असा असल्याने ‘चालेल’ असे भाषांतर तोंडात सहज येते, आणि तरुण जपानी पाहुण्यांच्या तोंडी असलेल्या ‘दाइजोबु देस्’चे ‘काही हरकत नाही’ असे भाषांतर होते. एका घरी नव्या दुभाष्याने ‘केक्को देस्’ ऐकून ‘फारच छान आहे म्हणतात’ असे सांगितले, तेव्हा वहिनींनी आनंदाने दोन पोळ्या एकदम वाढल्या आणि वर तुपाची धार धरली. पाहुण्याने पुन्हा तेच म्हटले, आणि पुन्हा तेच घडले. अशा वेळी निर्णय शब्दावर करून चालत नाही. शब्दाच्या आधी ‘मोऽ’ म्हणजे ‘आता’ किंवा ‘एव्हाना’ आले आहे का, स्वर खाली उतरला आहे का, पाहुण्याने चमचा किंवा हात खाली ठेवला आहे का, मान किंचित झुकवली आहे का, या चारही खुणा एकत्र पाहाव्या लागतात, आणि दोन खुणा जुळल्या तरी तो नकार आहे असे धरून चालणे सहसा योग्य ठरते.

या खुणांखेरीज आणखी एक खूण मराठी घरात विशेष घोटाळा करते. जपानी माणूस नकार देताना अनेकदा तळहात उभा धरून चेहऱ्यासमोर पंख्यासारखा आडवा हलवतो. त्यात ‘छे छे, नको’ एवढाच नम्र अर्थ असतो, पण आपल्याकडे नाकासमोर हात हलवणे म्हणजे वास येत असल्याची खूण. हिंगाची फोडणी घातलेल्या आमटीच्या वाटीसमोर हा हात हलला, तर यजमानीण काही बोलत नाही, पण तिचा चेहरा उतरतो. अनुभवी दुभाषी त्यामुळे जेवायला बसण्यापूर्वीच पाहुण्याला मराठी रीत सांगून ठेवतो : दोन्ही तळहात ताटावर आडवे धरावेत, किंचित हसावे आणि यजमानीणबाईंकडे पाहावे. जपानी पाहुण्याला हे प्रथम उद्धट वाटते, कारण त्याच्याकडे पेला हाताने झाकून नको म्हणण्यापेक्षा तो भरलेलाच राहू देणे अधिक सभ्य समजतात. रिकामा पेला भरणे हे शेजाऱ्याचे काम असते आणि भरलेला पेला हा न बोललेला नकार असतो. तीच सवय मराठी पानावर घातक ठरते, कारण आपल्या पंगतीत ताटात काही शिल्लक ठेवणे वाईट मानतात आणि ताट स्वच्छ केले की लगेच नवा पदार्थ येऊन पडतो. ताटात शेवटचा घास असेपर्यंत नकार पुरा करायचा, म्हणजे वाढणारी जवळ येण्यापूर्वीच बोलायचे, हे वेळेचे गणित दुभाष्याने सांभाळायचे असते.

मराठीत पोहोचवलेला नकार कानाला गोड लागण्यासाठी त्यात काय असावे लागते, हे पुष्कळ जेवणावळींनंतर लक्षात येते. सुरुवात कौतुकाने व्हावी लागते, आणि ते कौतुक जेवणाचे सर्वसाधारण नसून त्या विशिष्ट पदार्थाचे असावे लागते. नकाराचे कारण पदार्थात नसून आपल्या पोटात आहे असे दिसावे लागते. आणि बोलणे यजमानीणबाईंना उद्देशून, नात्याच्या संबोधनाने व्हावे लागते. जपानी पाहुणा यजमानाच्या पत्नीला ‘ओकुसान’ म्हणतो. त्याचे ‘मॅडम’ केले की सगळे संभाषण कचेरीत जाऊन बसते, म्हणून वयाप्रमाणे काकू, वहिनी किंवा आजी असे संबोधन दुभाष्याने निवडावे. पाहुण्याच्या ‘मोऽ जूबुन इतादाकिमाश्ता’चे, म्हणजे ‘एव्हाना पुरेसे मिळाले’ या वाक्याचे, ‘मला पुरेसे मिळाले आहे’ हे भाषांतर चुकीचे नाही, पण ते हिशेब मिटवल्यासारखे ऐकू येते. ‘काकू, पुरणपोळी अगदी मऊसूत झालीय, अगदी पोटभर जेवलो’ असे म्हटले की त्यात पाहुण्याने प्रत्यक्षात न म्हटलेले ‘मऊसूत’ येते खरे, आणि त्याबद्दल पुढे बोलायचेच आहे. परंतु ‘जेवलो’ हा भूतकाळ मात्र मूळ वाक्यातूनच आलेला आहे.

हा भूतकाळ दोन्ही भाषांमधील खरा दुवा आहे, आणि लेखिकेच्या कामाला सर्वांत अधिक उपयोगी पडलेली गोष्ट हीच. जपानी भाषेत ‘इतादाकिमास्’ म्हणून जेवण सुरू होते, ‘गोचिसोसामा देश्ता’ या भूतकाळी वाक्याने ते संपते, आणि ते वाक्य उच्चारले गेल्यावर पुन्हा वाढण्याचा प्रश्न सहसा उरत नाही. मराठीतही ‘नको’ हा शब्द चालू क्षणाचा असल्यामुळे वाटाघाटीला जागा ठेवतो, ‘पुरे’ त्याहून थोडी कमी ठेवतो, तर ‘जेवलो’, ‘झालं’, ‘पोट भरलं’ ही भूतकाळी रूपे जेवणच घडून गेले असे सांगतात, आणि घडून गेलेल्या गोष्टीत आग्रह करता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीत ‘नको हो, आता नको’, दुसरीत ‘पुरे, खरंच पुरे’, आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर ताण दिसू लागला की ‘अगदी तृप्त झालो’ असा उतरता क्रम धरला, तर यजमानीणबाईंना आग्रहाचे समाधानही मिळते आणि पाहुण्याची सुटकाही होते. पहिल्याच फेरीत ‘झालं माझं’ म्हटले तर मात्र ते तोडून टाकल्यासारखे होते. शब्द तोच, पण फेरी चुकीची.

नकाराचा अभ्यास करणाऱ्यांनीही क्रमाचे हे महत्त्व नोंदवले आहे. लेस्ली बीबी, तोमोको ताकाहाशी आणि रॉबिन युलिस-वेल्ट्झ यांनी 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणारे जपानी लोक नकार कसा देतात हे तपासताना नकाराचे खेद, कारण, पर्याय असे घटक पाडले आणि ते घटक कोणत्या क्रमाने येतात याकडे लक्ष वेधले. दुभाष्याच्या दृष्टीने यातून निघणारी व्यवहारातील गोष्ट अशी की, वाक्याचा आशय तोच ठेवून त्यातील तुकड्यांचा क्रम बदलणे हे भाषांतराचेच काम आहे, त्यात बेइमानी नाही. जपानी पाहुणा बहुधा खेदाने सुरुवात करतो, कारण मोघम ठेवतो आणि आभारांनी संपवतो. मराठी यजमानाच्या कानाला आभार आणि कौतुक आधी, मग स्पष्ट कारण, आणि शेवटी खेद हा क्रम मानवतो.

क्रम बदलणे मान्य केले, तरी नवीन कारण घालणे मान्य होऊ शकत नाही, आणि ही मर्यादा राखणे मोहामुळे कठीण जाते. आग्रह टिपेला पोहोचला की ‘डॉक्टरांनी गोड बंद केलंय’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाच्या जिभेवर तयार असते, कारण ते आपल्याकडे हमखास चालते. एका दुभाष्याने ते पाहुण्याच्या वतीने, त्याला न सांगता, उच्चारले आणि त्या दिवसापुरते काम भागले. पण यजमान प्रेमळ होते, त्यांनी ते लक्षात ठेवले, आणि पुढच्या वेळी त्या गृहस्थांच्या पानावर श्रीखंड आलेच नाही, चहाही बिनसाखरेचा आला, शिवाय आजींनी मेथ्यांचे पाणी पिण्याचा सल्ला दिला. गोडाची आवड असलेल्या त्या पाहुण्याला आपला मधुमेह कुठून आला हे कळायला बराच वेळ लागला, आणि कळल्यावर त्याचा दुभाष्यावरील विश्वास गेला. त्यामुळे भर घालायचीच असेल तर ती ऊबेची असावी, माहितीची नसावी, असा संकेत कामात पाळला जातो : ‘मऊसूत’ हे विशेषण पाहुण्याच्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या समाधानाचे शब्दांत केलेले रूप आहे, तर ‘डॉक्टरांनी’ हे वाक्य म्हणजे त्याच्या आयुष्यात केलेली नोंद आहे. ‘डबा भरून द्या, घरी खाऊ’ हेही याच कारणाने पाहुण्याला विचारल्याशिवाय बोलायचे नसते. आग्रह थांबवण्याचा तो उत्तम मार्ग आहे, पण हॉटेलच्या खोलीत तो डबा खाण्याची जबाबदारी पाहुण्यावर येऊन पडते.

एक गोष्ट दुभाषणाच्या वर्गात कोणी शिकवत नाही, ती म्हणजे दुभाष्यालाही पान मांडलेले असते. तोंडात घास असताना बोलता येत नाही म्हणून बहुतेक जण घरून थोडे खाऊन निघतात, आणि मग यजमानीणबाईंचा अर्धा आग्रह त्यांच्याच वाट्याला येतो. याचा उपयोग करून घेता येतो, कारण दुभाषी स्वतःसाठी जो नकार मराठीत देतो तो शेजारी बसलेला पाहुणा पाहत असतो, आणि हात कसा धरावा, हसावे कधी, अर्धी पोळी कोणत्या फेरीत स्वीकारावी हे त्याला शब्दांशिवाय समजते. अर्धी स्वीकारली तर ती खरोखर संपवावी लागते, हेही त्यातूनच समजते.

भेटवस्तूंच्या बाबतीत नकार आणि स्वीकार यांची सरमिसळ अधिक होते. जपानी पाहुणा खाऊचा डबा पुढे करताना ‘त्सुमारानाइ मोनो देस् गा’ म्हणतो, ज्याचा शब्दशः अर्थ ‘ही क्षुल्लक वस्तू आहे, पण…’ असा होतो. त्याला ‘फूल ना फुलाची पाकळी’ हा तंतोतंत मराठी जोड आहे आणि तो वापरताना दुभाष्याला फार समाधान होते. यजमान त्यावर ‘अहो, हे कशाला आणलंत?’ असे म्हणतात. हा नकार नाही, ही स्वीकाराची मराठी पद्धत आहे. परंतु ते वाक्य जसेच्या तसे जपानीत गेले तर पाहुण्याला जाब विचारल्यासारखे होईल. तिथे ‘ओकिझुकाइ इतादाइते, सुमिमासेन’, म्हणजे ‘तुम्ही आमची एवढी काळजी वाहिलीत, उगाच त्रास दिला’ असे म्हणायचे असते. उलट दिशेने, अभियंत्याची पत्नी निघताना वहिनी कुंकू लावून नारळ आणि खण घेऊन ओटी भरायला येतात, तेव्हा ती बाई मागे सरकते, आणि ते संकोचामुळे असते असे आपण समजतो. खरे कारण बहुधा ‘ओकाएशी’ हे असते. ओकाएशी म्हणजे मिळालेल्या भेटीची परतफेड, आणि विशिष्ट प्रसंगी तर मिळालेल्या भेटीच्या साधारण निम्म्या किमतीची परतफेड करण्याचा रिवाज आहे. खण-नारळाची परतफेड काय करायची, या विचाराने तिचा नकार आलेला असतो. अशा वेळी तिचे ‘नको’ मराठीत पोहोचवण्यापूर्वी तिला जपानीत एवढेच सांगणे योग्य ठरते की, ही भेट नसून निरोपाचा विधी आहे आणि याची परतफेड कोणी मोजत नाही. बहुतेक वेळा त्यानंतर ती पदर नसला तरी रुमाल पुढे धरते.

खरा नकार आवश्यक असतो तो व्यवसायाच्या नात्यात, आणि त्याचे एक उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. दिवाळीच्या सुमारास एका लहान कारखान्याच्या मालकांनी गुणवत्ता तपासणीसाठी येणाऱ्या जपानी अभियंत्यासमोर लक्ष्मीची मुद्रा असलेले चांदीचे नाणे मखमली डबीत घालून ठेवले. अभियंत्याच्या कंपनीत पुरवठादारांकडून काहीही घ्यायला मनाई होती. तो म्हणाला, ‘ओकिमोची दाके इतादाकिमास्’, म्हणजे ‘केवळ तुमच्या मनातील भावना घेतो’. जपानीत हे अत्यंत सुंदर आणि पूर्ण वाक्य आहे. मराठीत ‘फक्त भावना घेतो’ हे नाटकातील वाटते, आणि त्यातला ‘फक्त’ टोचतो. दुभाषिणीने सांगितले, ‘तुम्ही दिवाळीला आठवण ठेवलीत, यातच सगळं आलं असं ते म्हणतात; वस्तू मात्र त्यांना घेता येणार नाही.’ मालक म्हणाले, ‘नियम कंपनीला, हे घरचं आहे.’ त्यावर अभियंता ‘काइशा नो किमारि नानोदे, चोत्तो…’ असे म्हणून थांबला, म्हणजे ‘कंपनीचा नियम असल्यामुळे जरा…’. जपानीत हे अर्धे सोडलेले वाक्य पक्का नकार असते, कारण उरलेला भाग ऐकणाऱ्याने समजून घ्यायचा असतो. मराठीत ते अर्धे ठेवले, किंवा ‘जरा अवघड आहे’ असे केले, तर समोरचा माणूस अवघड ते सोपे करायला पुढे सरसावतो. म्हणून दुभाषिणीने वाक्य पुरे केले : ‘कंपनीचा नियम आहे, त्यामुळे ते घेऊ शकत नाहीत.’

तरीही डबी टेबलावरच राहिली, आणि मालकांचा चेहरा गंभीर झाला, कारण दिवाळीत आलेली लक्ष्मी नाकारू नये ही समजूत त्यांच्या मनात होती आणि आता डबी उचलून घेणे त्यांना अशुभ वाटत होते. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या भाषेत ‘परत घ्या’ हे शब्द अशा क्षणी चालत नाहीत. दुभाषिणीने ही अडचण अभियंत्याला दोन वाक्यांत समजावून सांगितली, आणि समोर ठेवलेला फराळ इथेच बसून खाल्ला तर नियमात बसेल का, असे विचारले. त्याने चहा-फराळाला हरकत नसल्याचे सांगितले आणि लक्ष्मीबद्दल काय म्हणणे योग्य होईल हे तिलाच विचारले. त्याच्या संमतीने तिने म्हटले, ‘साहेब, लक्ष्मी तुमच्या कारखान्यातच राहू दे आणि वाढू दे, अशी यांची इच्छा आहे, ते तुमच्याकडचा फराळ मात्र पोटभर खाऊन जाणार आहेत.’ मालकांनी डबी उचलली आणि कचेरीतील देवाच्या फोटोपुढे ठेवली, आणि अभियंत्याने चकल्या मागून घेतल्या. या ठिकाणी दुभाषिणीने मध्यस्थी केली हे उघड आहे. पण प्रत्येक पाऊल बोलणाऱ्याला विचारून टाकले गेले, आणि नकाराचा गाभा कोठेही सैल झाला नाही, म्हणून ती कामाच्या चौकटीत राहिली असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

शब्द मृदू करण्याची ही सारी कसरत जिथे पूर्णपणे बाजूला ठेवावी लागते, अशी एक जागाही आहे. एखाद्या पाहुण्याला शेंगदाणे बाधत असतील तर महाराष्ट्रातील स्वयंपाकघर त्याच्यासाठी कठीण आहे, कारण दाण्याचे कूट कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यांत आणि अनेक रस्साभाज्यांत असते, आणि पुष्कळ घरांत तेलही शेंगदाण्याचेच असते. असा पाहुणा स्वभावानुसार ‘चोत्तो निगाते देस्’, म्हणजे ‘मला ते फारसे जमत नाही’ एवढेच म्हणतो, आणि तेच सौम्यपणे पोहोचवले तर उत्तर ठरलेले असते : ‘एक घास तरी चाखून बघा.’ तिथे फेऱ्या मोजायच्या नसतात, कौतुकही आधी घालायचे नसते. पाहुण्याकडून बाधा नेमकी कशाची आणि किती गंभीर आहे हे निमंत्रण स्वीकारतानाच विचारून घ्यावे, त्याच्या परवानगीने यजमानांना आदल्या दिवशी फोन करावा, आणि ‘दाणे, दाण्याचे कूट किंवा दाण्याचे तेल पोटात गेले तर यांना दवाखान्यात न्यावे लागेल’ असे उघड शब्दांत सांगावे. मराठी यजमान हे ऐकून कधी नाराज झाल्याचे आठवत नाही. उलट दुसऱ्या दिवशी ओल्या नारळाची कोशिंबीर आणि तुपातली भाजी तयार असते, आणि कोणत्या वाटीत काय आहे हे काकू स्वतःच वाढतावाढता सांगत जातात.